स्थळाच्या अ‍ॅपवर पहिला मेसेज काय लिहावा?

प्रश्न: मी मूळचा सेलूचा, वय २९, चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. लग्नाच्या अ‍ॅपवर इंटरेस्ट पाठवतो, काही मुली स्वीकारतातही. पण 'हाय', 'कशा आहात', 'जेवण झालं का' याच्या पुढं गाडी जात नाही, दोन दिवसांत सगळं थंड. आता उदगीरच्या एका मुलीनं इंटरेस्ट स्वीकारलाय आणि हिच्याशी तरी नीट बोलणं व्हावं असं मनापासून वाटतं. तिच्या प्रोफाइलमध्ये एवढंच आहे: एम.एस्सी. अ‍ॅग्री, जालन्यात बियाणे कंपनीत गुणवत्ता विभागात नोकरी, छंद वाचन-स्वयंपाक-प्रवास, आणि शेवटी येळवशीबद्दल, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावस्येच्या सणाबद्दल, एक वाक्य, 'येळवशीला काहीही करून गावी जाते.' पहिला मेसेज नेमका काय लिहू?

उत्तर:

लिहायला बसण्याआधी तिच्या प्रोफाइलवरची एक बारीक ओळ बघा: ते प्रोफाइल कोणी तयार केलंय. लग्नाच्या बहुतेक अ‍ॅपवर तिथं 'स्वतः', 'पालक', 'भाऊ-बहीण' किंवा 'नातेवाईक' असं काहीतरी लिहिलेलं असतं. मी लातुरात वधू-वर सूचक केंद्राचं काम करते. आमच्याकडं नाव नोंदवणारी बरीचशी मुलं-मुली अ‍ॅपवरही असतात, त्यामुळं असे मेसेज दोन्ही बाजूंनी माझ्यासमोर येत राहतात. आपल्या भागात पालकांनी केलेलं प्रोफाइल म्हणजे पुष्कळदा मेसेज वडिलांच्या किंवा भावाच्या फोनवर पडतो आणि संध्याकाळी सगळे घरात असताना मोठ्यानं वाचला जातो. त्या घरात 'हाय' पोचलं तर मुलगा गंभीर नाही असा अर्थ काढतात. म्हणून एकच मेसेज दोन्हीकडं चालत नाही. येळवशीबद्दलचं ते वाक्य ज्या ढंगात लिहिलंय त्यावरून हे प्रोफाइल तिनं स्वतःच लिहिलंय असं मला वाटतं, म्हणून आधी तेच धरून चालते. पालकांचं निघालं तर काय करायचं ते पुढं सांगते.

तुमचा 'हाय, कशा आहात' कुठं अडतो ते तिच्या बाजूनं बघा. इंटरेस्ट स्वीकारल्यावर तिच्याकडं असे चार-पाच जणांचे मेसेज आलेले असतात आणि ते सगळे एकाच साच्यातले असतात. 'कशा आहात'ला उत्तर 'मी बरी, तुम्ही?' एवढंच असू शकतं. त्यातून बोलण्याला धागा मिळत नाही, आणि पुढचा विषय शोधण्याचं काम तिच्यावर पडतं. ज्या माणसाला ती अजून ओळखतच नाही त्याच्यासाठी ती ते काम का करेल? दोन दिवसांत थंड पडतं ते एवढ्याचसाठी. बऱ्याच मुलांना वाटतं की आपला फोटो किंवा पगार कमी पडला. पण तिनं इंटरेस्ट स्वीकारला तेव्हाच ते सगळं पाहून झालेलं असतं.

पहिला मेसेज वाचताना ती मनात दोन गोष्टी तपासत असते. यानं माझं प्रोफाइल वाचलंय की सगळ्यांना एकच पाठवतोय? आणि याच्याशी बोलायला लागलं तर हा सभ्यपणे बोलेल का? या दोन्हींचं उत्तर तुमच्या पहिल्या दोन ओळींतून तिला मिळायला हवं.

आता तिच्या प्रोफाइलकडं येऊ. शिक्षण, नोकरी, उंची, रास, मामाचं गाव या रकान्यांतून बोलणं सुरू होत नाही, कारण ते रकाने सगळ्यांचेच भरलेले असतात. 'वाचन, स्वयंपाक, प्रवास' हेही जवळपास प्रत्येक बायोडाट्यात असतं. बायोडाटा टाइप करून देणाऱ्या दुकानात तयार नमुन्यातच ते असतं, त्यामुळं त्यावरून 'कोणती पुस्तकं वाचता?' असं विचारलं तर तीच गोंधळून जाते. शोधायचं असतं ते असं वाक्य, जे दुसऱ्या कोणाच्या बायोडाट्यात जसंच्या तसं जाणार नाही. तुमच्या नशिबानं इथं ते सरळ समोर आहे. 'येळवशीला गावी जाते' एवढं कोणीही लिहील. 'काहीही करून' तिनं घातलंय, म्हणजे त्यामागं काहीतरी घडलेलं आहे. रजेवरून भांडण झालं असेल, रात्रीचा प्रवास केला असेल, एखादं वर्ष चुकलं असेल. बोलणं तिथं दडलंय.

दुसरा पर्याय नोकरीचा होता आणि तोही वाईट नाही. सेलूकडं सोयाबीन पेरणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला बियाण्याची उगवण म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर मे महिन्यात ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून सत्तर तरी उगवतात का ते बघतात, आणि तिची नोकरी याच कामाशी लागून आहे. तरीही पहिल्या मेसेजसाठी मी तो विषय घेणार नाही. स्थळाच्या अ‍ॅपवर नोकरीबद्दलचा पहिला प्रश्न कितीही चांगल्या मनानं विचारला तरी त्यात पगाराची चौकशी ऐकू येते. तिला आधीच्या पाच जणांनी 'पॅकेज किती', 'लग्नानंतर नोकरी करणार का' हे विचारलेलं असण्याची शक्यता दाट आहे. हा विषय हातचा राखून ठेवा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो फार उपयोगी पडेल.

आता तीन कच्चे मसुदे बघू. अशा अवस्थेतली मुलं साधारण हेच पाठवतात.

पहिला: 'तुमचं प्रोफाइल आवडलं. तुमच्या अपेक्षा काय आहेत?' यात दोष प्रश्नाचा आहे. अपेक्षा विचारल्या की 'समजूतदार, निर्व्यसनी, कुटुंबाला धरून राहणारा' हे पाठ केलेलं उत्तर येतं. ते खोटं नसतं, पण त्यातून ती कोण आहे ते कळत नाही. आणि 'आवडलं' म्हटलं तरी काय आवडलं ते नाही, म्हणजे वाचल्याचा पुरावा नाही.

दुसरा: 'साडीतला फोटो खूप सुंदर आहे. तुमचं हसणं फार गोड आहे.' मुलांना वाटतं कौतुकानं सुरुवात चांगली होते. ओकेक्युपिड या अमेरिकन डेटिंग साइटनं २००९ साली आपल्याकडच्या ५ लाखांहून अधिक पहिल्या मेसेजांची तपासणी केली होती. रूपाचं कौतुक करणाऱ्या शब्दांनी उत्तर येण्याचं प्रमाण घटतं आणि समोरच्यानं लिहिलेल्या एखाद्या विशिष्ट गोष्टीचा उल्लेख केला की ते वाढतं, असं त्यांना दिसलं. 'यू', 'युवर' असे शब्द एक-दोन अक्षरांत उरकणाऱ्या मेसेजांनाही उत्तरं कमी आली. माणसं अमेरिकेतली, साइट डेटिंगची, त्यामुळं आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण रूपाच्या कौतुकाबद्दल मला इथं जे दिसतं ते याच दिशेचं आहे, उलट आपल्याकडं ते जास्तच खटकतं. अनोळखी माणसानं पहिल्याच ओळीत हसण्यावर बोलणं मुलीला अवघडून टाकतं, आणि तो मेसेज घरच्यांनी पाहिला तर तिलाच उत्तरं द्यावी लागतात.

तिसरा: 'तुम्ही येळवशीला जाता का? छान. आमच्याकडं पण करतात. तुमच्या घरी कोण कोण असतं? वडील काय करतात? शेती किती आहे?' हा मुलगा प्रोफाइल वाचून आलाय, पण एका दमात चार प्रश्न विचारून त्यानं बैठकीतल्या काकांची जागा घेतली. शेती किती हा प्रश्न पहिल्या मेसेजमध्ये कधीच नको. शिवाय 'तुम्ही जाता का' याचं उत्तर तिनं आधीच लिहून ठेवलंय.

मी लिहून दिला असता तो मेसेज असा:

'नमस्कार. येळवशीला काहीही करून गावी जाते, हे तुमचं वाक्य वाचून थांबलो. मी सेलूचा. आमच्याकडं हा सण तुमच्या लातूरकडच्यासारखा जोरात होत नाही. भज्जी आणि आंबील मी पहिल्यांदा खाल्ली ती कंपनीतल्या औशाच्या मित्राच्या शेतात, कडब्याच्या खोपीपाशी बसून. तुम्हाला रजा मिळणारच नाही असं एखाद्या वर्षी झालंय का? तेव्हा काय केलंत?'

हे साधारण पन्नास शब्द आहेत आणि पहिल्या मेसेजला तेवढे पुरतात. आता यातलं काय कशासाठी आहे ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला स्वतः जमेल.

तिचं वाक्य अगदी सुरुवातीला घेतलं, कारण फोनवर नोटिफिकेशन येतं तेव्हा सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. तिथं 'माझं नाव अमुक, मी अमुक कंपनीत' असं असेल तर बाकीच्या मेसेजांत तोही बुडतो. तुमचं नाव आणि नोकरी तिला प्रोफाइलवर दिसतेच. तिथं तिचे स्वतःचे शब्द दिसले तर ती उघडून वाचते.

मग दोन-तीन वाक्यं स्वतःबद्दल. हा भाग मुलं नेहमी गाळतात आणि नुसता प्रश्न विचारतात. नुसता प्रश्न म्हणजे चौकशी होते. आधी आपलं काहीतरी ठेवलं की समोरच्यालाही आपलं सांगावंसं वाटतं. पण जे ठेवाल ते तिच्या विषयाला जोडलेलं आणि खरं असलं पाहिजे. औशाचा मित्र आणि खोप मी उदाहरणासाठी घातलेत. तुम्ही येळवशीला कधी कोणाच्या शेतात गेला नसाल तर 'मी हा सण फक्त मित्रांच्या स्टेटसवर पाहिलाय' असं लिहा. तेही चालतं, कारण न पाहिलेल्या माणसाला सांगायला तिला जास्त मजा येईल. न खाल्लेली भज्जी खाल्ली म्हणून लिहू नका. पुढच्याच मेसेजमध्ये 'त्यात काय काय घातलं होतं?' असं ती विचारेल आणि तुम्ही अडकाल. लातूर-उदगीरकडच्या मुलीला भज्जी म्हणजे तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवून बेसन लावलेली भाजी हे पक्कं माहीत असतं. तुम्ही तिला कांदाभजी समजून बसलात तर पहिल्या दिवशीच उघडे पडाल.

शेवटी प्रश्न, एकाच गोष्टीचा. तो घडलेल्या गोष्टीबद्दल आहे, मताबद्दल नाही. 'तुम्हाला येळवस का आवडते?' असं विचारलं असतं तर तिला विचार करून निबंधासारखं काहीतरी लिहावं लागलं असतं, आणि दिवसभर कामावर राहून थकलेला माणूस ते उद्यावर ढकलतो. 'रजा मिळाली नाही तेव्हा काय केलंत' याला आठवलं तसं दोन ओळींत सांगता येतं. त्यातून हट्टीपणा, घराची ओढ, वरिष्ठांशी ती कशी वागते, हे सगळं आपोआप बाहेर येतं. चांगला पहिला प्रश्न ओळखायची माझी कसोटी अशी: उत्तर फक्त तीच देऊ शकते का, आणि ते बसच्या रांगेत उभं राहून टाइप करता येईल का.

'तुम्ही'च लिहा. ती २६ची असो की २९ची, आपल्याकडं स्थळाच्या बोलण्यात पहिल्या दिवशी 'तू' म्हटलेलं जड जातं, आणि 'तू'वर यायचं तर ते तिनं सुचवावं. लिपीबद्दल फार विचार नको. तिनं प्रोफाइल मराठीत लिहिलंय तर तुम्हीही देवनागरीतच लिहा, तिनं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं असतं तर तसं. किती वाजता पाठवावा हेही मला पुष्कळ जण विचारतात. रात्री अकरानंतर नको, एवढंच.

आता उत्तर आल्यावर काय, कारण तुमची गाडी तिथंही अडत असणार. समजा तिनं लिहिलं: 'हो, दोन वर्षांपूर्वी झालं होतं. सीझन होता, सर नाहीच म्हणाले. मग रात्रीच्या गाडीनं गेले, दिवसभर शेतात थांबले आणि रात्री परत. दुसऱ्या दिवशी झोपेतच ड्युटी केली.'

इथं दहातली आठ मुलं 'अरे वा, भारी' लिहून पुढं 'अजून काय छंद आहेत?' विचारतात. तिनं सगळं सांगितलं आणि तुम्ही पान उलटलंत. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संभाषणातले प्रश्न प्रकार पाडून पाहिले होते. समोरच्यानं आत्ताच जे सांगितलं त्याच्याच आत शिरणारा प्रश्न विचारणारी माणसं जास्त आवडतात, आणि थोड्या थोड्या वेळाच्या ओळखभेटींच्या कार्यक्रमातही असे प्रश्न विचारणाऱ्यांना पुन्हा भेटायला लोक जास्त तयार झाले, असं त्यांना आढळलं. विषय बदलणाऱ्या प्रश्नांना ते जमलं नाही. कारण सरळ आहे. असा प्रश्न विचारायचा तर आधी ऐकावं लागतं, आणि आपलं ऐकलं गेलंय हे समोरच्याला कळतं.

म्हणून तिच्या उत्तरातली एक गोष्ट उचला. तिथं तीन आहेत: सरांचा नकार, रात्रीचा प्रवास, शेतातला दिवस. मी शेतातला दिवस घेईन. 'एका दिवसासाठी दोन रात्री गाडीत! इतकं करून पोचल्यावर शेतात आधी कुठं जाता?' किंवा 'त्या दिवशी तुमच्या शेतात कोण कोण जमतं?' तिसऱ्या मसुद्यात मी अशाच प्रश्नाला बैठकीतल्या काकांचा प्रश्न म्हटलं होतं. तेव्हा तो कुटुंबाची मोजणी करत होता, आता तो तिनं सांगितलेल्या दिवसाच्या आत आलाय, म्हणून वेगळा ऐकू येतो. सरांवर टीका मात्र करू नका. 'असले साहेब असतातच' असं म्हणून तुम्ही तिची बाजू घेतली असं तुम्हाला वाटेल, पण ज्या माणसांत ती रोज काम करते त्यांच्याबद्दल तुम्हाला काही माहीत नाही.

त्यानंतर एक-दोन दिवसांनी 'सीझन होता' हा धागा उचला, आणि हातचा राखलेला विषय तिथं आणा: 'सीझन म्हणजे बियाण्याचे लॉट तपासायची घाई ना? आमचे बाबा अजून गोणपाटात शंभर दाणे ठेवून बघतात. तुमच्याकडं एखादा लॉट नापास करावा लागला तर तो निर्णय कोण घेतं, तुम्ही?' आता हा प्रश्न पगाराचा वाटत नाही, कारण तो तिच्याच वाक्यातून निघालाय आणि त्यात तुमचं घरही आलंय. चुकीचं बियाणं बाजारात गेलं तर शेतकऱ्याचं काय होतं हे मराठवाड्यात दोघांनाही सांगावं लागत नाही. दुबार पेरणी कोणाच्या घरी कशी पार पडली हे बोलणं इथून निघालं की तुम्ही जेवणखाणाच्या चौकशीच्या फार पुढं आलेले असता. संकटात घर कसं सांभाळायचं यावर दोघांचं काय म्हणणं आहे ते अशा बोलण्यातून कळतं, अपेक्षांच्या यादीतून कळत नाही.

उत्तर एका ओळीचं आलं तर? 'हो, एकदा झालं होतं' आणि एक हसरा चेहरा. याचा अर्थ लगेच नकार घेऊ नका. ती कामात असेल. तुम्ही एकदा सोपं करून द्या: 'मग त्या वर्षी घरच्यांनी डबा पाठवला की नुसते फोटो?' यालाही एकच ओळ आली आणि तिनं उलट काहीच विचारलं नाही, तर तिथं थांबा. आवड आहे की नाही हे कळायला माझ्या मते दोन खुणा पुरतात: तुम्ही न विचारलेलं काही तिनं स्वतःहून सांगितलं का, आणि तिनं तुम्हाला एक तरी प्रश्न विचारला का. तीन फेऱ्यांत यातलं काहीच झालं नाही तर तुम्ही चांगलं लिहूनही जुळलेलं नाही. चौथा, पाचवा प्रश्न टाकत राहिलात तर तो तिला पिच्छा वाटतो.

आणि उत्तर आलंच नाही तर? इथं अ‍ॅपचं एक तांत्रिक कारण लक्षात ठेवा. लग्नाच्या बऱ्याच अ‍ॅपवर इंटरेस्ट पाठवणं आणि स्वीकारणं फुकट असतं, पण स्वतःच्या शब्दांत मेसेज लिहिण्यासाठी पैसे भरलेलं सदस्यत्व लागतं. तिनं पैसे भरलेले नसतील तर कुठं कुठं तिला तुमचा मेसेज पूर्ण उघडता येत नाही किंवा उत्तर लिहिता येत नाही. तुमच्या अ‍ॅपचे नियम एकदा बघून घ्या. मेसेजमध्ये फोन नंबर घालून यातून वाट काढू नका. कित्येक अ‍ॅप तो नंबर झाकून टाकतात, आणि पहिल्याच मेसेजमध्ये नंबर दिसला की मुली सावध होतात. आठवडा थांबा. उत्तर नसेल तर 'मेसेज पाहिला का?' असं विचारू नका. स्थळ खरंच मनात भरलं असेल तर आपल्याकडचा जुना रस्ता मोकळा आहे: अ‍ॅपवर घरच्यांचा नंबर दिलेला असेल तर तुमच्या वडिलांनी किंवा मोठ्या भावानं त्यांच्या घरी फोन करावा. त्यात कमीपणा नाही.

आता प्रोफाइल पालकांनी केलेलं निघालं तर. तेव्हा येळवशीचा मेसेज पाठवू नका. तो मुलीशी बोलण्याचा आहे, आणि वाचणारे वडील असतील तर आपल्याला डावलून पोरगा थेट बोलतोय असं त्यांना वाटेल. तिथं असं लिहा:

'नमस्कार. प्रोफाइल पालकांनी तयार केल्याचं दिसलं, म्हणून आधी आपल्याशी बोलतो. मी मूळचा सेलूचा, सध्या चाकणला नोकरीला. आई-वडील गावीच असतात, घरची शेती वडील बघतात. मुलीचं शिक्षण शेतीतलं आहे आणि त्या जालन्यात त्याच कामात आहेत, हे मला विशेष वाटलं. बायोडाटा पाठवतो. आपल्याला योग्य वाटलं तर दोन्ही घरांची भेट ठरण्याआधी आम्हा दोघांना एकदा फोनवर बोलता येईल का?'

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. ते विनंतीच्या सुरात आहे, घरच्यांना बाजूला सारत नाही, पण तुम्हाला मुलीशी स्वतः बोलायचंय हे स्पष्ट सांगतं. माझ्या अनुभवात आता लातूर-नांदेडकडचे पुष्कळ वडील याला हो म्हणतात. पोह्यांच्या बशीसमोर दहा माणसांत विचारलेल्या प्रश्नांतून काही कळत नाही हे त्यांनाही दिसलेलं असतं. मग त्या फोनवर येळवशीचा प्रश्न विचारा. तो फोनवरही तितकाच चालतो.

फोटोवरून विषय काढायचा मोह होईल. तिनं शेतातला फोटो लावला असेल तर शेताबद्दल, पिकाबद्दल बोला, तिच्याबद्दल नको. आणि जे प्रोफाइलवर नाही ते बोलू नका. इन्स्टाग्रामवर शोधून 'तुम्ही मागच्या महिन्यात अंबाजोगाईला गेला होतात ना' असं लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना वाटतं आपण किती आवड दाखवली, पण मुलगी घाबरून ब्लॉक करते आणि घरी सांगते.

पुढं एखाद्या वेळी असं प्रोफाइल समोर येईल ज्यात एकही वेगळं वाक्य नाही. 'तुमच्या प्रोफाइलमध्ये माहिती कमी आहे' असं लिहू नका, तो ठपका वाटतो. अशा वेळी तिच्या वाटचालीकडं बघा. गाव एक, कॉलेज दुसरीकडं, नोकरी तिसरीकडं. तुम्ही स्वतः सेलू सोडून चाकणला आलात, तीही कुठूनतरी निघालेली असते. 'मला पुण्यात सहा वर्षं झाली तरी पाऊस लांबला की आधी गावचं हवामान बघतो. तुम्हाला पुढं-मागं इकडं परत यावंसं वाटतं का, की आता शहरच बरं?' हा प्रश्न मला आवडतो, कारण तो हलकाही आहे आणि लग्न ठरवताना दोघांना कधी ना कधी सोडवावाच लागतो. फक्त वर्षं, गाव, सवय सगळं तुमचं स्वतःचं घाला, आणि आधी तुमचं उत्तर द्या.

शेवटी तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलबद्दल, कारण मेसेज आवडला की ती पहिल्यांदा तेच उघडून बघणार. तुम्ही पाठवलेल्या प्रश्नात मेंटेनन्सचा उल्लेख आहे, पण प्रोफाइलवर 'मी साधा, सरळ, कुटुंबवत्सल' असं असेल तर तिला विचारायला काही उरत नाही. तिथं दोन खरी वाक्यं घाला. उदाहरणार्थ: 'लाइन बंद पडली की रात्री तीन वाजता फोन येतो आणि मी जातो. सुट्टी मिळाली की सेलूला, बाबांच्या मोटारीची वायरिंग दर वेळी मीच बघतो.' हे आज रात्री बदला, मेसेज उद्या सकाळी पाठवा.